९५ टक्के कशाचे? नागपुरातील एका कस्टमर सक्सेस रेझ्युमेची तपासणी

रेझ्युमेच्या पहिल्या पानावर, नावाच्या लगेच खाली, ठळक अक्षरांत तीन दावे होते. मूळ मजकूर इंग्रजीत होता. त्याचा आशय असा, की उमेदवाराने ९५ टक्के रिन्युअल दर राखला, १८०हून अधिक अकाउंट्स सांभाळली आणि ६०हून अधिक ग्राहकांचे ऑनबोर्डिंग यशस्वीपणे पूर्ण केले. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याच्या सांगण्यावरून ही उमेदवार मला शनिवारी दुपारी रामदासपेठेत भेटायला आली. तिने रेझ्युमेसोबत एका नोकरीच्या जाहिरातीची छापील प्रत आणली होती, आणि तिचा प्रश्न अगदी सरळ होता: "ताई, आकडे इतके चांगले आहेत, तरी मला पहिल्या फोननंतर कोणी पुढे का बोलावत नाही?"

मी स्वतः कस्टमर सक्सेसच्या, म्हणजे ग्राहक घेतलेले उत्पादन नीट वापरील आणि टिकेल हे पाहण्याच्या, कामात बरीच वर्षे काढली असून भरतीच्या वेळी समोरच्या खुर्चीत बसून असे रेझ्युमे वाचले आहेत, त्यामुळे उत्तराचा अंदाज मला पहिल्या ओळीवरच आला होता. तरीही अंदाजावर कोणाला सल्ला देऊ नये, म्हणून आम्ही तिचे आकडे मुळापासून तपासले. ते काम दोन शनिवार चालले. त्याची ही नोंद आहे. उमेदवार, तिची कंपनी आणि तिचे ग्राहक ओळखू येऊ नयेत म्हणून मी रकमा व संख्या थोड्या बदलल्या आहेत. त्यांचे परस्परांशी असलेले प्रमाण मात्र जसेच्या तसे ठेवले आहे.

जाहिरात काय मागत होती

जाहिरात गायत्रीनगरच्या आयटी पार्कमध्ये कार्यालय असलेल्या एका सॉफ्टवेअर कंपनीची होती. मध्यम आकाराच्या कारखान्यांना साठा, खरेदी आणि उत्पादनाचे सॉफ्टवेअर वार्षिक वर्गणीवर देणे हा तिचा व्यवसाय. जाहिरातीतील नेहमीची विशेषणे बाजूला सारली की चार मागण्या उरत होत्या: ४० ते ५० अकाउंट्सचा पोर्टफोलिओ स्वतःच्या नावावर सांभाळणे, ग्रॉस रिटेन्शन, म्हणजे जुन्या ग्राहकांच्या वर्गणीतला टिकलेला हिस्सा, ९० टक्क्यांच्या वर ठेवणे, नेट रिटेन्शन, म्हणजे त्यात त्याच ग्राहकांकडून झालेली वाढ मिळवून येणारा दर, १०५ टक्क्यांपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट बाळगणे आणि नव्या ग्राहकाचे ऑनबोर्डिंग विक्री विभागाकडून ताब्यात घेऊन प्रत्यक्ष वापर सुरू होईपर्यंत स्वतः चालवणे. अकाउंटची सरासरी वार्षिक किंमत सहा ते सात लाख रुपये असल्याचेही त्यात नमूद होते, आणि माझ्या मते ती संपूर्ण जाहिरातीतील सर्वांत उपयोगी माहिती होती.

उमेदवाराची सध्याची कंपनीही नागपुरातच आहे आणि तीही सॉफ्टवेअरच विकते, पण जिनिंग-प्रेसिंग, राइस मिल आणि दाल मिल यांना. तिचे ग्राहक हिंगणघाट, वणी, यवतमाळ, भंडारा, गोंदिया आणि नागपूर शहर असे पसरलेले आहेत. उत्पादन वेगळे असले तरी कामाची जात एकच आहे, असे तिला वाटत होते आणि ते बरोबरही होते. प्रश्न एवढाच होता, की रेझ्युमेतील तीन आकड्यांवरून हे साम्य वाचणाऱ्याला दिसते का.

१८० अकाउंट्स कोणाची

मी सुरुवात मुद्दाम मधल्या दाव्यापासून केली, कारण पोर्टफोलिओ नक्की कोणता हे ठरल्याशिवाय रिन्युअलच्या दराला अर्थ नसतो. तिच्या लॅपटॉपवर अकाउंट्सची यादी होती. तिच्यात १८४ नावे होती आणि प्रत्येक नावापुढे जबाबदार व्यक्तीचा रकाना होता. तो रकाना गाळून पाहिल्यावर तिच्या नावावर ७६ अकाउंट्स निघाली. उरलेली १०८ तिच्या दोन सहकाऱ्यांची होती. सुट्टीच्या दिवशी किंवा सीझनच्या गर्दीत तिघेही एकमेकांचे फोन घेत असल्यामुळे १८४ही ग्राहक तिला नावाने ओळखत होते, आणि म्हणून "सांभाळली" हा शब्द लिहिताना आपण काही चुकीचे लिहितो आहोत असे तिला वाटले नव्हते.

भरती करणाऱ्याच्या नजरेतून मात्र हा आकडा उलटे काम करतो. जाहिरातीला ४० ते ५० अकाउंट्स सांभाळणारी व्यक्ती हवी आहे, म्हणजे प्रत्येक ग्राहकाशी दर तिमाहीला बसून बोलणारी. १८० हा आकडा वाचताच वाचणारा समजतो की हे काम फोनवर तक्रारी घेण्याचे किंवा एकगठ्ठा ईमेल पाठवण्याचे असावे. एका माणसाला १८० ग्राहकांशी खोलवर संबंध ठेवणे शक्य नसते, हे या क्षेत्रातील प्रत्येकाला ठाऊक आहे. मोठा आकडा मोठे काम दाखवेल या समजुतीने लिहिलेल्या ओळीने तिला सपोर्ट डेस्कच्या रांगेत नेऊन बसवले होते.

मग आम्ही त्या ७६ अकाउंट्सची वार्षिक किंमत मांडली. एकूण ९१ लाख २० हजार रुपये झाले, म्हणजे सरासरी १ लाख २० हजार. सरासरी जाहिरातीच्या तुलनेत फार लहान दिसते, पण सरासरी येथे दिशाभूल करते. त्या ७६ पैकी ११ ग्राहक एकापेक्षा अधिक युनिट्स असलेले समूह होते आणि एकट्या त्या ११ जणांकडून ५२ लाख येत होते, म्हणजे प्रत्येकी सरासरी पावणेपाच लाखांच्या आसपास. उरलेले ६५ ग्राहक प्रत्येकी साठ हजारांच्या घरातले. जाहिरातीतील सहा-सात लाखांच्या अकाउंटशी तुलना करायची तर ती या ११ समूहांशीच करायला हवी, आणि या ११ समूहांचा रेझ्युमेत कोठेही उल्लेख नव्हता. त्याऐवजी चार मोठ्या जिनिंगची नावे मात्र दिलेली होती. ती मी लगेच काढायला लावली: ग्राहकांची नावे ही तिच्या कंपनीची गोपनीय माहिती आहे, आणि जी व्यक्ती आजच्या कंपनीचे ग्राहक कागदावर उघडे करते ती उद्या आपलेही करील, हा विचार वाचणाऱ्याच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

रिन्युअल: एक दर, चार प्रश्न

९५ टक्के हा आकडा तिने कसा काढला, असे विचारल्यावर तिने क्षणभरही न थांबता उत्तर दिले. वर्षाच्या सुरुवातीला १८४ ग्राहक होते, वर्षभरात ९ गेले, १७५ राहिले. १७५ भागिले १८४ म्हणजे ९५. गणित बरोबर होते, पण भाजकात दोन चुका होत्या. पहिली आपण वर पाहिलीच, की त्यातील १०८ ग्राहक तिचे नव्हते. दुसरी चूक अधिक सर्रास आढळते आणि पटकन लक्षातही येत नाही: ज्या ग्राहकांचा करार त्या वर्षी संपणारच नव्हता, त्यांनाही टिकलेल्यांत धरलेले होते. तीन वर्षांचा करार केलेला ग्राहक दुसऱ्या वर्षी सोडून गेला नाही यात कोणाचेही कौतुक नाही, कारण त्याला जायला दारच नव्हते. रिन्युअलच्या दरासाठी भाजकात फक्त तेच ग्राहक घ्यायचे असतात, ज्यांनी त्या काळात राहायचे की जायचे हा निर्णय प्रत्यक्ष घेतला.

तिच्या ७६ पैकी १४ जण तीन वर्षांच्या करारात होते आणि ४ जण नवे, पहिल्याच वर्षातले. उरले ५८. मागील पूर्ण आर्थिक वर्षात या ५८ जणांचे नूतनीकरण देय होते, त्यातील ५४ जणांनी केले आणि ४ गेले. म्हणजे ग्राहकसंख्येवर मोजलेला दर ९३ टक्के. हा आकडा निघाल्यावर तिचा चेहरा उतरला, कारण तिला वाटले की दोन टक्के हातचे गेले. मला उलट वाटत होते. ९५ ला "कसे?" असा एक प्रश्न विचारला असता तर तो कोसळला असता, ५८ पैकी ५४ हा आकडा कितीही प्रश्नांना उभा राहतो, आणि मुलाखतीत तो प्रश्न हमखास विचारला जातो.

दुसरा प्रश्न पैशांचा. जाहिरातीत मागितलेले ग्रॉस रिटेन्शन ग्राहकांच्या संख्येवर मोजत नाहीत, रकमेवर मोजतात. देय असलेल्या ५८ अकाउंट्सची मिळून किंमत ७१ लाख होती. गेलेले चौघे लहान होते, त्यांच्याबरोबर २ लाख १० हजार गेले. पण राहिलेल्यांपैकी काहींनी वापर कमी केला होता, आणि त्यात आणखी ३ लाख ४० हजार कमी झाले. यातला मोठा भाग एकाच समूहाचा होता. त्याने पाचपैकी दोन जिनिंग युनिट्स बंद केल्यामुळे त्या दोन युनिट्सची वर्गणीही बंद झाली. येथे तिने थोडा वाद घातला, आणि तिचा मुद्दा समजण्यासारखा होता: युनिट बंद झाले ते मालकाच्या व्यवसायामुळे, सॉफ्टवेअरवर तो नाराज नव्हता. तरीही ग्रॉस रिटेन्शनमध्ये ही घट धरावीच लागते. कारण कोणतेही असो, मागच्या वर्षी येणारा रुपया या वर्षी आला नाही, एवढेच त्या मापात मोजले जाते. कारण सांगायला मुलाखतीत जागा असते, मापात नसते. ७१ लाखांतून हे दोन्ही वजा केल्यावर ६५ लाख ५० हजार उरतात, म्हणजे ९२ टक्क्यांहून किंचित अधिक. जाहिरातीची अट ९०ची होती. तिची रेझ्युमेतील सर्वांत मजबूत बाजू हीच होती, आणि ती तिने आजवर मोजलीच नव्हती.

तिसरा प्रश्न नेट रिटेन्शनचा, आणि येथे मात्र उत्तर तिच्या बाजूने आले नाही. टिकलेल्या ग्राहकांकडून वर्षभरात ६ लाख ८० हजारांची वाढ झाली होती. ती मिळवली की ७२ लाख ३० हजार होतात, म्हणजे जवळपास १०२ टक्के, आणि हा आकडा पाहून ती खुश झाली. पण त्या वर्षी कंपनीने सगळ्यांचेच दर ६ टक्क्यांनी वाढवले होते. साडेपासष्ट लाखांवर ६ टक्के म्हणजे ३ लाख ९० हजारांच्या आसपास; वाढीचा अर्ध्याहून अधिक हिस्सा हा झाला. ग्राहकाने स्वतःहून अधिक काही घेतले, जसे एखादे युनिट जोडले किंवा ई-इनव्हॉइसचे मॉड्यूल घेतले, अशी वाढ फक्त २ लाख ९० हजारांची होती, तीही पाच अकाउंट्समध्ये. दरवाढ बाजूला ठेवली तर नेट आकडा ९६ टक्क्यांवर येतो. नेट रिटेन्शनमध्ये दरवाढ धरण्याची पद्धत अनेक कंपन्यांत आहे आणि त्यात खोटे काही नाही. मात्र दरवाढीचे श्रेय कस्टमर सक्सेस मॅनेजरने घेणे योग्य नाही. तिच्या कंपनीत जादा विक्रीचे काम विक्री विभागाकडे होते. ती फक्त "या समूहाला दुसऱ्या युनिटसाठी हवे आहे" अशी सूचना पुढे पाठवत असे. म्हणून आम्ही नेट रिटेन्शनचा आकडा रेझ्युमेत घातलाच नाही. त्याऐवजी तिने ओळखलेल्या पाच अकाउंट्समधून २ लाख ९० हजारांची वाढ झाली आणि सौदा विक्री विभागाने पूर्ण केला, एवढेच लिहिले. जाहिरातीच्या १०५च्या उद्दिष्टापुढे ही बाजू उणी आहे आणि ती उणीच दिसू द्यावी, असे माझे मत होते.

चौथा प्रश्न वेळेचा होता. तिच्या कामातील सर्वांत मोलाची गोष्ट त्याच्या उत्तरात सापडली, म्हणून त्यावर थोडे थांबते.

कंपनीचे करार ३१ मार्चला संपत आणि नूतनीकरण १ एप्रिलला देय होत असे. मी तिला ५४ नूतनीकरणांची प्रत्यक्ष पैसे आल्याची तारीख विचारली. तिने तो रकाना उघडला आणि स्वतःच म्हणाली, "ताई, हे बघायला नको होतं." ५४ पैकी ३१ जणांनी देय तारखेनंतर तीस दिवसांच्या आत पैसे भरले होते. उरलेल्या २३ जणांचे पैसे महिने उलटल्यावर, बहुतेकांचे सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरात आले होते. ज्या कंपनीत वर्गणी संपल्यावर ठरावीक मुदतीनंतर अकाउंट आपोआप बंद होते, तिथे हे २३ जण "गेलेले" म्हणून मोजले गेले असते आणि ऑक्टोबरात "परत आलेले" म्हणून. नव्या कंपनीचा माणूस ही गोष्ट विचारणारच.

याचे कारण शोधायला विदर्भाबाहेर जावे लागत नाही. कापूस ऑक्टोबरपासून बाजारात येऊ लागतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत जिनिंगचा सीझन आटोपत येतो. १ एप्रिलला जिनिंगच्या मालकासमोर सॉफ्टवेअरचे बिल ठेवायचे म्हणजे छत्री विकायला दिवाळीत जाण्यासारखे आहे. पुढचे सहा महिने त्याच्या आवारात गाडीच येणार नसते. राइस मिलवाल्यांचेही थोडेफार तसेच, कारण खरिपाचे धान दिवाळीच्या आसपास येते. दाल मिल वर्षाचा बराच काळ चालते, म्हणून तिथे मार्चची मुदत फारशी खटकत नाही.

हे सगळे तिला अर्थातच ठाऊक होते. तिने त्यावर काही केले होते हे मात्र रेझ्युमेत नव्हते. बोलता बोलता सहज निघाले. आदल्या वर्षी तिने आपल्या वरिष्ठांना पटवून १९ जिनिंग आणि राइस मिल ग्राहकांची देय तारीख १ ऑक्टोबरवर नेली होती. मधल्या सहा महिन्यांचे अर्धे शुल्क ऑक्टोबरच्या बिलात जोडायचे आणि तोवर सेवा चालू ठेवायची, अशी तिची योजना होती. लेखा विभागाचा सहा महिने उधारीला विरोध होता, म्हणून तिला १९वरच थांबावे लागले. मागील वर्षी या १९ पैकी १७ जणांनी तीस दिवसांत नूतनीकरण केले, दोन गेले. तारीख न बदललेले, पण सीझनवरच चालणारे असे २७ ग्राहक तिच्या पोर्टफोलिओत होते. त्यातील वेळेवर आलेले फक्त तीन.

एवढ्या स्पष्ट फरकावरही मी तिला एक सावधगिरी सांगितली. तारीख बदलायला जे १९ जण तयार झाले, ते आधीपासूनच तिच्याशी अधिक बोलणारे, अधिक शिस्तीचे मालक असू शकतात, म्हणून सगळा फरक केवळ तारखेमुळे पडला असे लिहू नये. शिवाय गेलेल्यांची संख्या दोन्ही गटांत सारखीच, दोन-दोन, होती; म्हणजे तारीख बदलल्याने ग्राहक टिकले असे हा तक्ता दाखवत नाही, पैसे वेळेवर आले एवढेच दाखवतो. तरीही ग्राहकाच्या व्यवसायाचे चक्र ओळखून करार त्याला जुळवणे हे कस्टमर सक्सेसचे अगदी गाभ्याचे काम आहे, आणि ते करणारी व्यक्ती "९५ टक्के" या आकड्यामागे दिसेनाशी झाली होती याचे मला मनापासून वाईट वाटले.

ऑनबोर्डिंग: कुठून कुठपर्यंत

६०हून अधिक ऑनबोर्डिंगच्या दाव्यात तपासायचे ते हे, की काम कुठे सुरू झाले आणि कुठे संपले. तिने मोजलेले ६३ ग्राहक म्हणजे ज्यांच्याकडे ती प्रशिक्षणाला गेली होती असे सगळे. त्यातील ४१ ठिकाणी ती दोन-तीन तासांचे प्रशिक्षण देऊन परतली होती. बाकीचे काम इतरांनी केले होते. २२ ठिकाणी मात्र तिने विक्री विभागाकडून कागद ताब्यात घेण्यापासून सगळे स्वतः केले होते. जाहिरातीला हे २२ हवे होते.

ते काम कोठे संपले असे ती मानते, हे मी तिला विचारले. पुष्कळ जण "गो-लाइव्ह" म्हणजे सॉफ्टवेअर बसवले आणि लॉगिन दिले तो दिवस धरतात. तिचे उत्तर वेगळे होते आणि ते मी जवळजवळ तिच्याच शब्दांत देते. हिंगणघाटकडच्या एका जिनिंगमध्ये सॉफ्टवेअर बसून तीन आठवडे झाले होते, धरमकाटा संगणकाला जोडलेला होता, पडद्यावर वजनही उमटत होते. तरी ती सकाळी गेली तेव्हा मुनीमजींच्या डाव्या हाताशी कार्बन लावलेले काटापट्टीचे पुस्तक होते. गाडी काट्यावर आली की ते वजन पडद्यावर वाचत, पुस्तकात लिहीत, पट्टी फाडून शेतकऱ्याला देत आणि मग दुपारी जेवणानंतर सगळ्या पट्ट्या संगणकात भरत. "संगणकाशेजारची वही बंद होत नाही तोवर ऑनबोर्डिंग झालं असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. वही का बंद होत नाही याचे कारणही तिने तिथेच बसून शोधले होते: व्यापारी आणि शेतकऱ्यांची जी यादी सॉफ्टवेअरमध्ये भरली होती ती विक्रीच्या वेळी मालकाने दिलेली, दोन वर्षे जुनी होती, गाडी आली की नाव सापडत नसे, आणि मागे गाड्यांची रांग लागलेली असताना नवे नाव भरायला मुनीमजींना वेळ नसे.

तेव्हापासून तिने क्रम बदलला. पहिल्या बैठकीच्या आधीच ती मालकाकडून नव्हे तर मुनीमकडून चालू सीझनची यादी मागवू लागली, आणि ती आल्याशिवाय काटा जोडायला तंत्रज्ञ पाठवत नसे. कापूस, रूई आणि सरकी यांचा सुरुवातीचा साठा, किंवा १७० किलोच्या गाठींची मोजणी, या गोष्टी नंतर दुरुस्त करता येतात. पहिल्या दिवशी नाव सापडले नाही तर वही परत येते आणि मग ती जात नाही.

२२ पैकी पहिले ९ या बदलाच्या आधीचे होते, पुढचे १३ नंतरचे. करारापासून पहिली काटापट्टी थेट सॉफ्टवेअरमधून निघेपर्यंतचे दिवस आम्ही मोजले. चढत्या क्रमाने लावून मधली संख्या घेतली, तर आधी ४१ दिवस लागत होते, नंतर २६. तिला हे दोन आकडे लगेच लिहायचे होते. पण पहिल्या ९ मध्ये तीन बहु-युनिट समूह होते, नंतरच्या १३ मध्ये एकही नव्हता, आणि समूहाला वेळ लागतोच. ते तीन वगळून एकेका युनिटच्या मिलचीच तुलना केली तेव्हा ३४ वरून २६ असा फरक निघाला. आठ दिवस हे पंधरापेक्षा कमी दिसतात, पण जो कापूस आल्यावर ऑक्टोबरच्या मध्यात वापर सुरू करतो आणि जो आधीच सुरू करतो, त्यांच्यात एवढ्याच दिवसांचे अंतर असते. या २२ पैकी १८ जणांचे पहिले नूतनीकरण आतापर्यंत देय झाले होते आणि १७ जणांनी ते केले. संख्या लहान असल्यामुळे हे टक्क्यांत न लिहिता "१८ पैकी १७" असेच लिहावे, असे मी सुचवले; लहान संख्येचे टक्के फुगलेले दिसतात आणि अनुभवी वाचक त्यावर विश्वास ठेवत नाही.

नव्या ओळी, आणि जे उरले

दुसऱ्या शनिवारी तिने वरच्या तीन ओळी स्वतः लिहून आणल्या. मी फक्त एका ठिकाणी क्रियापद बदलले. त्यांचा आशय असा होता: विदर्भातील कृषी-प्रक्रिया उद्योगांच्या ७६ अकाउंट्सची नावानिशी जबाबदारी, वार्षिक मूल्य सुमारे ९० लाख, त्यातील निम्म्याहून अधिक ११ बहु-युनिट समूहांकडून, मागील आर्थिक वर्षात देय असलेल्या ५८ पैकी ५४ नूतनीकरणे, ग्रॉस रिटेन्शन ९२ टक्के, आणि २२ ऑनबोर्डिंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एक युनिट असलेल्या ग्राहकांसाठी कालावधी ३४ वरून २६ दिवसांवर. सीझननुसार देय तारीख बदलण्याचा प्रयोग आम्ही कामाच्या तपशिलात वेगळ्या ओळीत घेतला, १९ पैकी १७ या आकड्यासह. पोर्टफोलिओची किंमत देण्याबाबत तिने आधी वरिष्ठांना विचारून घेतले. त्यांनी नेमकी रक्कम न देता "सुमारे" लिहायला हरकत घेतली नाही.

आता जाहिरातीशी हिशेब मांडला तर चित्र असे दिसते. ग्रॉस रिटेन्शनची अट ती पूर्ण करते. ऑनबोर्डिंगची तर अपेक्षेहून चांगली, कारण काम कोठे संपते याची तिची व्याख्या बहुतेकांपेक्षा कठोर आहे. अकाउंट्सच्या आकाराबाबत ती अर्धी पात्र ठरते: पावणेपाच लाखांचे ११ समूह तिने सांभाळले आहेत, पण सहा-सात लाखांच्या ५० जणांचा पोर्टफोलिओ तिच्या हाती कधी आलेला नाही, आणि या ११ समूहांपैकी दर तिमाहीला नियमित आढावा बैठक फक्त चौघांबरोबर होत होती. नेट रिटेन्शनमध्ये ती मागे आहे. मी भरती करणारी असते तर तिला दुसऱ्या फेरीला बोलावले असते, आणि त्या फेरीचा निम्मा वेळ या शेवटच्या दोन गोष्टींवर घालवला असता.

बदललेला रेझ्युमे पाठवल्यावर नऊ दिवसांनी तिला फोन आला. पलीकडच्या व्यवस्थापकाने पहिला प्रश्न ५४चा विचारला नाही, जे चार गेले त्यांचा विचारला. तिने तिघांची कारणे सांगितली, आणि चौथ्याबद्दल म्हणाली, की तिथे संगणकाशेजारची वही शेवटपर्यंत बंद झाली नाही आणि हे मला सहा महिने आधी दिसले होते. दुसऱ्या फेरीसाठी तिला याच अकाउंटचा आराखडा करून आणायला सांगितले आहे: पहिल्या महिन्यापासून पुन्हा संधी मिळाली असती, तर कोणत्या आठवड्यात काय केले असते.